आलेख दुसऱ्याच्या हातात देताना

तांत्रिक काम करणाऱ्याने मॅनेजर व्हावं का, हा प्रश्न निघाला की मला एक प्रसंग आठवतो. पडद्यावरच्या आलेखात 100 हर्ट्झच्या आसपास एक उंच टोक दिसतंय. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या, पंपाला जोडलेल्या मोटरचं हे कंपन. मोटर मिनिटाला 2970 फेरे घेते. टीममधल्या तरुण इंजिनिअरचं निदान तयार आहे.

"मॅडम, मिसअलाइनमेंट आहे. कपलिंग उघडून अलाइनमेंट करायला सांगतो."

कपलिंगने जोडलेले मोटर आणि पंप एका रेषेत नसले, तर फिरण्याच्या वेगाच्या दुप्पट वारंवारतेला असं टोक बऱ्याचदा येतं. त्यामुळे त्याचा तर्क चुकीचा नाही. पण मॅडमची सगळी कारकीर्द फिरत्या यंत्रांची कंपनं मोजण्यात गेली आहे. टीम लीडर होऊन फक्त चार महिने झालेत. त्यांच्या डोक्यात हिशेब आपोआप होतो: मिनिटाला 2970 फेरे म्हणजे सेकंदाला 49.5, त्याची दुप्पट 99 हर्ट्झ. मोटरमधला विद्युत दोष मात्र पुरवठ्याच्या 50 हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे बरोबर 100 वर दिसतो. दोघांत अंतर फक्त 1 हर्ट्झचं.

उत्तर सांगायला त्यांना अर्धा मिनिट पुरला असता. त्याऐवजी आलेख किती बारीक फरक वेगळा दाखवतो, हे त्यांनी विचारलं, "रिझोल्यूशन किती ठेवलं होतंस?"

"1 हर्ट्झ."

"मग हे टोक 99 चं की 100 चं, कसं ठरवलंस?"

तो परत साइटवर गेला. रिझोल्यूशन 0.25 हर्ट्झ ठेवलं, म्हणजे प्रत्येक नोंद 4 सेकंदांची. मग मोटरचा पुरवठा तोडून पाहिला. फेरे अजून चालू होते, पण टोक त्याच क्षणी नाहीसं झालं. दोष यांत्रिक असता, तर वेग उतरत गेला तसं ते हळूहळू खाली आलं असतं. शेवटी मोटरचा एक पाय तळाला नीट टेकत नव्हता असं निघालं. बोल्ट आवळल्यावर मोटरची चौकट किंचित पिळली जायची आणि आत फिरणाऱ्या रोटरभोवतीची फट एका बाजूला कमी होऊन चुंबकीय ओढ असमान व्हायची. कपलिंगला हात लावावाच लागला नाही.

या सगळ्यात दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. स्वतः गेल्या असत्या, तर मॅडमनी हे काम तासाभरात उरकलं असतं. मॅनेजमेंट आपल्याला जमेल का, या प्रश्नाची खरी कसोटी मला या मधल्या वेळात दिसते. त्याने शोधून काढलं याचा आनंद झाला, की शोध आपला राहिला नाही याची चुटपुट जास्त लागली? चुटपुट प्रत्येकाला लागते, त्यात काही वावगं नाही. पण महिनोन् महिने फक्त तीच उरत असेल, तर तिची दखल घ्यायला हवी.

उलट, पहिल्या काही महिन्यांत "आज दिवसभरात मी काहीच केलं नाही" असं वाटतं, त्यावरून काहीही ठरवू नये. आलेखाचं उत्तर त्याच दिवशी मिळतं. माणूस तयार झाला की नाही, हे कळायला दोन-तीन तिमाही जातात. या कामात उत्तर उशिरा येतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी कसोटी जास्त अवघड आहे. टीममधल्या एका अनुभवी सहकाऱ्याचे अहवाल सतत उशिरा येत होते. नव्या मॅनेजरचा हात अशा वेळी सवयीने कीबोर्डकडे जातो: रात्री बसून अहवाल आपणच पुरा करायचा. तारीख सांभाळली जाते, पण टाळलेलं बोलणं तसंच राहतं. मॅडमनी त्यांना बाजूला बोलावून थेट सांगितलं, "तुमचे मागचे दोन अहवाल चार-चार दिवस उशिरा आले. त्यामुळे प्लांटला शटडाउनची तारीख ठरवता आली नाही. नेमकं कुठे अडतंय?"

अडचण परवानगीत होती. सेन्सर लावण्यासाठी वर्क परमिट मिळायला दर वेळी तीन दिवस जात होते. अहवाल लिहिण्याचा वेग कितीही वाढवला असता, तरी हे तीन दिवस वाचले नसते. मग दोन बैठका, एक नवा फॉर्म, सेफ्टी विभागाशी थोडी घासाघीस. ज्याला हे काम आलेखाइतकंच कुतूहलाने करावंसं वाटतं, त्याला ही जागा मानवते. ज्याला ही आपल्या खऱ्या कामातली आडकाठी वाटत राहते, त्याने तज्ज्ञाच्या वाटेवरच पुढे जावं. ती पायरी खालची मुळीच नाही.

म्हणून पद स्वीकारण्याआधीच वरिष्ठांशी बोलून तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: टीममध्ये किती माणसं असतील, किती तांत्रिक काम हातात राहील, आणि वर्षभराने परत जायचं ठरलं तर कोणत्या श्रेणीत, कोणत्या पगारावर. मॅडमनी हे करून घेतलं आहे. तांत्रिक कामापैकी अहवाल तपासणं त्यांनी स्वतःकडे ठेवलंय, मोजमापं टीमकडे सोपवली आहेत. परतायचं झालं, तर ते टीमच्या वार्षिक मूल्यमापनानंतरच, म्हणजे वर्षभर ज्यांचं काम पाहिलं त्यांच्याबद्दल लिहिण्याची जबाबदारी नवख्या माणसावर पडणार नाही, हेही त्या कागदात आहे.