टॅगवरची तारीख आणि पोत्यातली उगवण

(कृषी निविष्ठा विक्रेत्यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान, संपादित)

परवान्यांचं तुम्ही काल ऐकलंत, म्हणून मी थेट गोडाऊनमध्ये शिरतो. बोलणार आहे मुख्यतः एकाच पिकावर, सोयाबीनवर. आमच्या लातूरकडे दुकान त्याच्यावर चालतं आणि बुडतंही त्याच्यावरच.

प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात. समजा टॅगवर चाचणीची तारीख 15 मार्च आहे. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुदत. नवा दुकानदार हे वाचून निर्धास्त होतो. अहो, पण डिसेंबरात सोयाबीन पेरणार कोण? 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आला की दहा-पंधरा दिवसांत सगळी झुंबड उडते. जुलैचा मध्य उलटला की ते पोतं कागदावर पाच महिने जिवंत आणि गिऱ्हाइकाच्या लेखी मेलेलं. पुढच्या जूनपर्यंत ती मुदत पुरत नाही. फेरचाचणी करून मुदत वाढवता येते, पण ते काम उत्पादकाचं आणि प्रमाणीकरण यंत्रणेचं. आपण काउंटरवर बसून टॅगला हात लावायचा नाही.

आता हिशेब बघा. सोपे आकडे घेऊ. 30 किलोची बॅग 2,800 रुपयांना घेतली, 3,000 ला विकली, सुटले 200. उरलेली बॅग कंपनीने परत घेतली नाही, तर ती धान्य म्हणून समजा 1,400 ला जाईल. तोटा 1,400. म्हणजे एक उरलेली बॅग सात विकलेल्या बॅगांची कमाई खाते. आणि बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असेल, तर ते धान्य म्हणून विकायचंच नाही. तिथे पूर्ण 2,800 गेले.

म्हणून मी बुकिंग तुकड्यांनी करतो. गेल्या वर्षी 300 बॅगा खपल्या असतील, तर मेअखेर 150 आणतो, कारण काही गिऱ्हाईक आधीच नेऊन ठेवतं. पाऊस गावोगाव लागला की 90. उरलेल्या 60 चं फक्त बोलून ठेवतो. दुबार पेरणीची वेळ आली तरच उचलतो. यात एखाद्या दिवशी गिऱ्हाईक परत जातं, ते मी सोसतो. परत मालाची शेवटची तारीख मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. मी एकदा प्रतिनिधीच्या तोंडी शब्दावर राहिलो. ऑगस्टात फोन केला, तर त्याची बदली झालेली. 40 बॅगा गळ्यात पडल्या.

हे झालं तारखेचं. पण तारीख म्हणजे उगवण नव्हे. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के ठरलेली आहे, आणि ती चाचणीच्या दिवशी होती. त्यानंतर पोतं ट्रकमध्ये तापलं, हमालाने डोक्यावरून आपटलं, पत्र्याखाली मे महिना काढला. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर सालीच्या लगेच आत. आपटलेला दाणा वरून छान दिसतो आणि जमिनीत कुजतो. 2019 च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला, दाणा भिजला, आणि 2020 च्या खरिपात न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला. तेव्हा सोयाबीनची थप्पी सात पोत्यांपेक्षा उंच नको, खाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून अंतर हवं.

माल उतरला की प्रत्येक लॉटमधले 100 दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. दाणे आधी पाण्यात भिजत घालू नका. कोरडा दाणा एकदम पाणी पितो आणि चांगलाही बिघडतो. सातव्या-आठव्या दिवशी मोजा. मोड आला एवढ्यावर गणती नाही, मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं धरा. 78 आली तर विका. 62 आली तर पुन्हा लावा. पुन्हा तेच आलं तर तो लॉट बाजूला, विक्री बंद, कंपनीला लेखी. घरची चाचणी कायद्याने पुरावा होत नाही, पण आपल्याला वेळेत सावध करते. त्यासाठी माल पेरणीच्या निदान दहा दिवस आधी हातात हवा. तुकड्यांनी उचलायची मर्यादा इथे येते: पावसानंतरच्या 90 बॅगांची चाचणी करायला वेळच नसतो. त्या मी तपासलेल्याच लॉटमधून मागतो, दुसरा लॉट आला तर गाडी परत.

खताचं गणित वेगळं. युरिया, डीएपी तारखेने नाही, ओलीने मरतात. युरियाचं तोंड उघडं राहिलं की आठवड्यात ढेकूळ. त्यामुळे रासायनिक खत उरलं तर रब्बीला चालतं, अडकतो तो पैसा आणि जागा. फक्त पॉस मशीनवरचा साठा आणि गोडाऊनमधली पोती जुळली पाहिजेत. घाईत अंगठा न घेता दिलेली चार पोती तपासणीत चाळीस प्रश्न उभे करतात. जिवाणू खतं मात्र बियाण्याच्या पंगतीतली. त्यात जीव आहे, मुदत आहे, उन्हात ठेवली की मुदतीआधीच संपतात. ती मी पेरणीच्या तोंडावरच आणतो, थोडी.

शेवटचं, बिलावर लॉट नंबर लिहा. गर्दीत हेच राहून जातं. तक्रार आली की कृषी अधिकारी आधी बिल आणि टॅग मागतात. बिलावर नुसतं ‘सोयाबीन दोन बॅग’ असेल, तर ती बॅग कोणत्या लॉटची हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि कंपनीही हात वर करते.