खुलासा दिला, पुढे काय? : नियम न पाळण्याची मुभा आणि नियामकाची नजर

(कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, 1991 साली इंग्लंडमध्ये बीसीसीआय बँक बुडाली. त्याच वर्षी वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर उघड झालं की, कामगारांच्या पेन्शन फंडातला पैसा कंपन्या तगवायला वापरला गेला होता. ही प्रकरणं ताजी असताना सर ॲड्रियन कॅडबरी यांच्या समितीचं काम चालू होतं, आणि डिसेंबर 1992 मध्ये त्यांचा अहवाल आला. कायदा कडक करा, अशी मागणी तेव्हा सगळीकडून होत होती. समितीने वेगळी वाट धरली. चांगल्या कारभाराची एक संहिता लिहिली आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सांगितलं: हे पाळा, आणि जिथे पाळत नसाल तिथे कारण जाहीर करा.

आता विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. त्यांना वाटतं, संहिता ऐच्छिक म्हणजे खुलासाही ऐच्छिक. तसं नाही. संहितेतली तरतूद मोडायची मुभा आहे, पण ती मोडली हे सांगणं बंधनकारक आहे, कारण ते बंधन लिस्टिंगच्या नियमांतून येतं. वार्षिक अहवालात कंपनीने सांगायचं असतं की तत्त्वं कशी लागू केली, कुठली तरतूद पाळली नाही, किती काळ पाळली नाही आणि का. हे निवेदन नसेल किंवा खोटं असेल, तर तिथला बाजार नियामक, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी, कारवाई करू शकतो. पण दिलेलं कारण पटण्यासारखं आहे की नाही, हे तो ठरवत नाही. तो निवाडा भागधारकांचा. ही विभागणी डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं जातं.

एक प्रकरण नीट बघू. मार्च 2008 मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने जाहीर केलं की, मुख्य कार्यकारी अधिकारी सर स्टुअर्ट रोझ हेच जूनपासून कार्यकारी अध्यक्ष होतील. तेव्हाच्या संहितेतल्या दोन तरतुदी एका फटक्यात बाजूला पडल्या. ही दोन पदं एकाच माणसाकडे नसावीत ही एक, आणि सीईओने त्याच कंपनीचा अध्यक्ष होऊ नये ही दुसरी. त्यामागचं कारण साधं आहे. सीईओच्या कामावर लक्ष ठेवायचं आणि वेळ आली तर त्याला घरी पाठवायचं, हे संचालक मंडळाचं काम; आणि त्या मंडळाची बैठक चालवणारा, कार्यक्रमपत्रिका ठरवणारा माणूस म्हणजे अध्यक्ष. दोन्ही खुर्च्यांवर तोच बसला तर प्रश्न विचारणार कोण?

मोठे गुंतवणूकदार भडकले. त्यांतल्या लीगल अँड जनरलने जाहीर नाराजी व्यक्त केली. एप्रिलच्या सुरुवातीला कंपनीने भागधारकांना पत्र पाठवलं. ते पत्र मला महत्त्वाचं वाटतं, कारण खुलासा कसा बांधायचा याचा तो धडा आहे. वारसदार तयार व्हायला वेळ लागेल, हे त्यातलं कारण. पण कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. ही व्यवस्था जुलै 2011 पर्यंतच राहील, अशी मुदत दिली. रोझ दरवर्षी फेरनिवडीला उभे राहतील, असं कबूल केलं. सर डेव्हिड मायकेल्स यांना उपाध्यक्ष करून अंकुशाची एक जागा ठेवली. म्हणजे तरतूद ज्या धोक्यासाठी आहे, त्या धोक्याचं आम्ही काय करतोय, याचं उत्तर दिलं.

तरीही सगळ्यांचं समाधान झालं नाही. 2008 च्या सर्वसाधारण सभेत, तटस्थ धरून, पाचातल्या एकाहून अधिक मतांनी रोझ यांच्या फेरनिवडीला पाठिंबा नाकारला. पुढच्या वर्षी स्थानिक संस्थांच्या पेन्शन फंडांनी स्वतंत्र अध्यक्ष नेमण्याचा ठराव आणला; तो नामंजूर झाला, पण त्याला जवळपास 38 टक्के मतं पडली. त्यानंतर काही महिन्यांतच नव्या सीईओची निवड जाहीर झाली आणि 2011 च्या सुरुवातीला रॉबर्ट स्वॉनेल अध्यक्ष झाले. नियम मोडला म्हणून दंड करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खुलासा दिलेलं विचलन हा नियमभंग नसतो. दबाव आला तो मतपेटीतून.

मात्र हा दबाव आपोआप येत नाही. खुलासा पोकळ असेल तर भागधारकाच्या हाती तोलायला काहीच राहत नाही. संहिता राखणारी संस्था, फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिल, इथे लक्ष घालते. ती दरवर्षी काही कंपन्यांचे अहवाल तपासते आणि काय खटकलं ते प्रसिद्ध करते. चांगल्या खुलाशात पार्श्वभूमी, स्पष्ट कारण, धोका कमी करायला काय केलं आणि पुन्हा तरतुदीकडे कधी येणार, एवढं तरी हवं, अशी तिची अपेक्षा आहे. ‘सध्याची रचना कंपनीच्या हिताची आहे असे संचालक मंडळाचे मत आहे’ हे वाक्य तुम्ही कुठल्याही कंपनीच्या अहवालात चिकटवू शकता, म्हणूनच ते निरुपयोगी. तेच वाक्य सलग चार वर्षं अक्षरशः तसंच छापलेलं दिसलं, की समजावं मंडळाने त्यावर विचारच केलेला नाही.

कौन्सिलला याहून जास्त खटकतं ते ‘आम्ही सगळ्या तरतुदी पाळल्या’ हे विधान. पहिल्या पानावर पूर्ण पालन म्हणायचं, आणि पुढे मानधनाच्या भागात वाचलं तर कार्यकारी संचालकांच्या पेन्शन-योगदानाचा दर इतर कर्मचाऱ्यांहून जास्त. हे पकडायचं असेल तर निवेदन आणि आतले तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. तुम्ही उद्या हे काम कराल तेव्हा नेमणुकीच्या तारखा आधी बघा; अध्यक्ष मंडळावर येऊन संहितेतल्या मर्यादेची नऊ वर्षं उलटली की नाही, हे तिथेच कळतं. प्रामाणिक विचलनापेक्षा खोटं पालन वाईट, असं माझं ठाम मत आहे. 2018 च्या संहितेने आणखी एक दार उघडलं: मंडळाने शिफारस केलेल्या ठरावाविरुद्ध 20 टक्के किंवा जास्त मतं पडली, तर कंपनीने भागधारकांशी कसं बोलणार हे निकालाबरोबरच सांगायचं, आणि सहा महिन्यांत पुढचं कळवायचं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. सेबीच्या 2015 च्या लिस्टिंग नियमांत संचालक मंडळाची रचना सक्तीची आहे. ती चुकली तर शेअर बाजार दिवसाला 5,000 रुपये दंड लावतो. कितीही सुंदर खुलासा लिहा, मीटर चालू राहतो. तरी एका ठिकाणी सेबीने ही पद्धत आणली. 2021 मध्ये, 500 कोटी किंवा जास्त रकमेचे कर्जरोखे नोंदलेल्या कंपन्यांना कारभाराचे नियम ‘पाळा किंवा खुलासा करा’ या तत्त्वावर लागू केले. खुलासा म्हणजे काय, हेही सांगितलं: तिमाही अहवालात पूर्ण पालन न होण्याचं कारण आणि त्या दिशेने उचललेली पावलं. इथे गंतव्य आधीच ठरलेलं होतं. खुलासा म्हणजे तिथे पोहोचेपर्यंतची सवलत. मुदत 31 मार्च 2023 होती, ती आधी 2024 आणि मग 2025 पर्यंत वाढली.

मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. कर्जरोखेधारकाला सर्वसाधारण सभेत संचालकाविरुद्ध मत देता येत नाही. अशा कंपन्यांत शेअर अनेकदा एखाद्या प्रवर्तकाकडे किंवा सरकारकडेच असतात. लंडनमध्ये खुलासा वाचून मतपेटीपाशी जाणारा वाचक होता. इथे तो अहवाल नियामकाशिवाय कोणाला उद्देशून लिहायचा? 2025 मध्ये सेबीने मर्यादा 1,000 कोटींवर नेली आणि या कंपन्यांसाठी नियमावलीत स्वतंत्र प्रकरण घातलं. ते प्रकरण घरी जाऊन वाचा, आणि वाचताना प्रत्येक ठिकाणी विचारा की हा खुलासा वाचून कोणाला काय करता येणार आहे.