बिडाच्या तव्याला तेल पाजताना

(दृश्य : रविवार पेठेतली बोहरी आळी. दुकानाच्या पायरीवर तव्यांची चळत.)

बोहरी आळीत तवा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी नॉनस्टिककडे बघतं, मग बिडाचा तवा उचलून बघतं आणि वजनाने दचकून खाली ठेवतं. घ्यायचाच असेल, तर आधी त्याच्यावरून बोट फिरवा. बीड म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड. त्यामुळे पृष्ठभाग थोडा खरखरीत लागतोच, पण टोकदार कण हाताला लागता कामा नयेत. मग तवा बोटावर अधांतरी धरून चमच्याने हलकेच वाजवा. चांगला तवा घणघणतो. आवाज बद्द आला, तर कुठेतरी बारीक तडा असण्याची शक्यता आहे. बीड ठिसूळ असतं. ते वाकत नाही, फुटतं.

शेजारीच पातळ, हलके लोखंडी तवे टांगलेले असतात. तो पत्रा आहे, बीड नाही. लोखंड म्हणून दोघांना एकच समजू नका, कारण दोघांचं तापणं वेगळं आहे.

(दृश्य : कोथरूडमधलं स्वयंपाकघर. सकाळच्या डब्याची वेळ. ओट्यावर धिरड्याचं पीठ.)

या घरात नवा बिडाचा तवा आला आणि पहिलं धिरडं त्याला असं चिकटलं, की ते अक्षरशः खरवडून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी तवा माळ्यावर गेला आणि नॉनस्टिक परत शेगडीवर आलं. पुण्यातल्या कितीतरी घरांत बिडाचा तवा याच टप्प्यावर हरतो. खरं तर दोष तव्याचा नसतो. त्याच्यावर अजून राप चढलेला नसतो, एवढंच.

नॉनस्टिकचा गुळगुळीतपणा कारखान्यातून येतो. टेफ्लॉन नावाचा हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती योगायोगाने लागला. त्याला सहसा काहीच चिकटत नाही. बिडाचा गुळगुळीतपणा मात्र घरी तयार करावा लागतो. तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला, की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर कडक, काळसर पापुद्रा धरतात. त्यानंतर ते तेल राहत नाही. बोटाला लागत नाही, पाण्याने निघत नाही. राप म्हणतात तो हाच.

तेल पाजायचं कसं, ते सावकाश बघू.

तवा गरम पाण्याने आणि साबणाने घासून घ्या. काही तव्यांवर काळं पॉलिश किंवा गंज थांबवणारं तेल लावलेलं असतं, ते पूर्ण गेलं पाहिजे. हात काळा होत असेल तर अजून घासा. लगेच पुसून मंद आचेवर कोरडा करा, कारण ओल्या बिडावर बघता बघता तांबूस गंज दिसू लागतो. तवा कोमट असताना जेमतेम अर्धा छोटा चमचा तेल घेऊन ते पोटाला, पाठीला, दांड्याला, सगळीकडे चोळा. घरात करडईचं तेल असेल तर उत्तम, ते लवकर धरतं. शेंगदाण्याचंही चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. कोरडं फडकं घ्या आणि लावलेलं सगळं तेल पुसून काढा. चुकून लागलं होतं असं समजून पुसा. तवा कोरडा दिसायला हवा, तरीही त्यावर पुरेसं तेल उरलेलं असतं. मग मध्यम आचेवर ठेवा. धूर येऊ लागेल. खिडकी उघडा, पंखा लावा. धूर थांबेपर्यंत तापू द्या. गॅसवर मधलाच भाग जास्त तापतो, म्हणून पकडीने धरून तवा सरकवत कडाही ज्योतीवर आणा. गॅस बंद करून तवा आपोआप निवू द्या. हे तीन-चार वेळा करायचं.

कोथरूडच्या त्या तव्याचं काय बिघडलं होतं? त्याला पळीभर तेल ओतून तापवलं होतं. जाड थर वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. अशा तव्यावर मधासारखे चिकट डाग दिसतात आणि बोट टेकवलं की ओढ लागते. धिरडं त्या डागांनाच धरून बसलं होतं. तारेच्या घासणीने ते सगळं काढलं आणि पातळ हाताने पुन्हा सुरुवात केली.

(दृश्य : तव्यावर थालीपीठ. भोकांत तेल सोडणारा हात.)

तेल पाजून झालं तरी लगेच धिरडं नको. आधी थालीपिठं लावा. भोकांतून आणि कडेने सोडलेलं तेल प्रत्येक वेळी रापात भर घालतं. पहिलं थालीपीठ गार तव्यावर थापता येतं. दुसऱ्या वेळी मात्र अडचण येते, कारण बीड निवायला फार वेळ लागतो. त्याच्यावर गार पाणी ओतू नका, तडा जाईल. पुढचं थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटवा.

धिरड्याची वेळ आली, की तवा मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने बिडातून उष्णता फार हळू पसरते. घाई केली तर मध्यभाग जळतो आणि कडा गारच राहतात. पाण्याचे थेंब शिंपडा. ते चर्र करून लगेच उडाले, की अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा आणि पीठ घाला. झाकण ठेवा आणि उलथनं खाली ठेवून द्या. ओलं पीठ आधी लोखंडाला धरतंच. खालचं पाणी उडून कड तांबूस झाली, की ते आपणहून सुटतं. त्याआधी उलथनं घातलं तर फाटणारच.

मग नॉनस्टिक कशाला ठेवायचं? ऑम्लेटला, कमी तेलातल्या पनीरला, सकाळच्या घाईतल्या धिरड्याला ते खरंच सोयीचं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण भाकरी त्याच्यावर करू नये, हे मी ठामपणे सांगते. धिरड्यातलं पाणी तव्याचं तापमान आटोक्यात ठेवतं. दोन भाकऱ्यांच्या मधे मात्र तवा मोठ्या आचेवर रिकामाच तापत असतो. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि रिकामं पातळ भांडं काही मिनिटांत तिथवर पोचतं. आणखी तापलं तर निघणाऱ्या वायूंनी माणसाला तापासारखा त्रास होतो आणि पिंजऱ्यातला पोपट दगावू शकतो. थर खरवडून खालचा धातू दिसू लागला, की ते भांडं बदला.

(दृश्य : कढईत चिंच-गुळाची आमटी.)

बिडालाही मर्यादा आहेत. चिंच, कोकम, टोमॅटो उकळत राहिले, तर आंबटपणा राप खातो, पदार्थ काळवंडतो आणि जिभेला लोखंडाची चव लागते. थोडं लोह अन्नात उतरतं. बऱ्याच घरांना ते हवंच असतं, पण डॉक्टरांनी लोह कमी करायला सांगितलं असेल त्यांनी आधी विचारून घ्यावं. आमटीला स्टीलचं पातेलं बरं. कुठलाही पदार्थ बिडात रात्रभर ठेवू नका.

रोजची निगा थोडीच आहे. कोमट पाणी आणि मऊ घासणी. गरज पडली तर थोडा साबणही चालतो. मग शेगडीवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवायचं. काळे पापुद्रे सुटून अन्नात येऊ लागले, तर घासून पुन्हा तेल पाजा.

आणि मनगट दुखत असेल, दोन किलोचा तवा एका हाताने उचलवत नसेल, तर भाकरीला तो पत्र्याचा लोखंडी तवा घ्या. तो लवकर तापतो, पडला तर फुटत नाही, आणि तेलही त्याला असंच पाजायचं असतं.