दूरचा पडदा नेमका कोणाचा?

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची गोष्ट सांगतो. जॅकार्डचं डिझाइन काढणाऱ्या संगणकावर एक चूक-संदेश येत होता. मी घरून आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या दूरून संगणक चालवायच्या सोयीने जोडणी केली आणि पाचच मिनिटांत तिथल्या कारागिराचा फोन आला, "साहेब, माझा पडदाच गेला, पासवर्ड मागतंय!"

बिघाड काहीच नव्हता. साध्या विंडोजवर आरडीपीने आत शिरलं की ते सत्र आपल्याकडे येतं आणि तिथला पडदा लॉक होतो. चालू प्रोग्रॅम चालूच राहतात, पण समोर बसलेल्याला ते दिसत नाहीत. आपण बाहेर पडल्यावरही लॉक तसाच राहतो, पासवर्ड त्यालाच टाकावा लागतो. दूरून संगणक चालवायचा दुसरा मार्ग म्हणजे व्हीएनसी, ते मात्र तिथे दिसतो तोच पडदा आपल्याला दाखवतं. माउस दोघांच्याही हातात. कारागिराने कुठे क्लिक केलं की चूक येते, हे बघायचं असेल तर व्हीएनसीच हवं.

वेगातला फरकही इथूनच येतो. व्हीएनसी पडद्याचे बदललेले तुकडे चित्र म्हणून पाठवतं. १९२० बाय १०८० चा पूर्ण पडदा कॉम्प्रेस न करता, म्हणजे आकार न दाबता पाठवला, तर सुमारे ८३ लाख बाइट होतात; २ एमबीपीएसच्या लाइनवर एका चित्राला ३३ सेकंद! म्हणून टाइटसारखं चित्र दाबून पाठवणारं एन्कोडिंग निवडायचं आणि रंग कमी करायचे. जॅकार्डच्या नक्षीत रंग बारीक बारीक ठिपक्यांत बदलतात, तिथे दाबूनही फारसं वाचत नाही. आरडीपीला विंडोजच्या आतली खबर असते. अक्षरं, चिन्हं एकदा पाठवून ती साठवून ठेवतं, नव्या आवृत्त्या व्हिडिओसारखं दाबतात. हिशेबाचं काम घरून करायचं तर तेच सुसह्य.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आजचं आरडीपी सगळी जोडणी टीएलएस या गुप्तलेखनाच्या पद्धतीने झाकतं. समोरच्या संगणकाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचा इशारा आला तर न वाचता 'हो' म्हणू नका, मध्ये कोणी बसलेलं असू शकतं. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत फक्त पासवर्डची तपासणी झाकलेली असते, त्यातही पहिली ८ अक्षरंच धरतात. पुढे पडदा आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ उघडीच जाते. त्यामुळे व्हीएनसीचा ५९०० पोर्ट राउटरवर कधीही उघडू नका. (आरडीपीचा ३३८९ सुद्धा नकोच, तिथे सतत पासवर्ड लावून बघणारे असतात.)

त्या कारखान्यात आम्ही आधी व्हीपीएन, म्हणजे तिथल्या नेटवर्कपर्यंतचा खासगी रस्ता घेतला, त्या संगणकावर झाकलेली जोडणी देणारा एसएसएच सर्व्हर बसवला आणि व्हीएनसीसाठी हा बोगदा काढला:

```
ssh -L 5901:localhost:5900 user@10.0.0.5
```

मग व्ह्यूअरमध्ये आपल्याच संगणकाचा ५९०१ पोर्ट द्यायचा. पहिल्यांदा जोडणी लगेच तुटली. बोगदा त्याच संगणकावर उघडत असल्याने तिथल्या टाइटव्हीएनसी या व्हीएनसी सर्व्हरला वाटत होतं की संगणक स्वतःलाच जोडतोय, आणि ते मुळात बंद असतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये अशा स्वतःच्या जोडणीला, म्हणजे लूपबॅकला परवानगी दिली, बाकी सगळ्यांना बंदी घातली. तेव्हापासून कारागीर क्लिक करून दाखवतो आणि मी घरून बघतो.