दोन टोकांमागचं मंडल

[दृश्य: झाकलेली पेटी, बाहेर आलेल्या दोन तारा]

पेटीत काय आहे ते लोडला दिसत नाही. त्याला भेटतात फक्त या दोन तारा. आत स्रोत आणि रेझिस्टर कितीही गुंतलेले असोत, त्या सगळ्यांच्या जागी एक व्होल्टेज स्रोत आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक रेझिस्टर ठेवला, तर लोडला फरक कळत नाही. फ्रान्समधल्या तारखात्याचे अभियंते लेऑन शार्ल थेवेनिन यांनी 1883 मध्ये हे मांडलं. जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी त्याआधी, 1853 मध्येच, हीच गोष्ट दाखवली होती.

[दृश्य: आलेख, आडव्या अक्षावर करंट, उभ्यावर व्होल्टेज]

हे शक्य होतं, कारण आतले सगळे घटक रेषीय असले की या टोकांवरचं व्होल्टेज आणि त्यांतून जाणारा करंट एका सरळ रेषेवर बसतात. रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात. हिशेबाला सर्वांत सोपे बिंदू दोन्ही कडांना असतात. टोकं मोकळी सोडली की करंट शून्य, आणि जे व्होल्टेज मिळतं ते ओपन सर्किट व्होल्टेज. टोकं तारेने जोडली की व्होल्टेज शून्य, आणि त्या तारेतून वाहतो तो शॉर्ट सर्किट करंट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रेषेचा उतार हाती येतो. तोच आपला सममूल्य रेझिस्टर.

[दृश्य: पेटी उघडते]

आता पेटी उघडू. 12 व्होल्टचा स्रोत आहे. त्याच्या धन टोकापासून 6 किलोओहमचा रेझिस्टर वरच्या तारेपर्यंत येतो. वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत 3 किलोओहमचा दुसरा रेझिस्टर आहे. शिवाय एक अवलंबी करंट स्रोत आहे. 3 किलोओहममधून जितका करंट जाईल, त्याच्या निम्मा तो वरच्या तारेत आणून सोडतो. ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये असे स्रोत नेहमी भेटतात, म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतलं.

आधी टोकं मोकळी. 3 किलोओहममधून जाणाऱ्या करंटपैकी निम्मा अवलंबी स्रोताने दिलेला असतो, तर उरलेला निम्मा 6 किलोओहममधून यायला हवा. दुप्पट रोधातून निम्मा करंट, म्हणजे दोन्ही रेझिस्टरवर सारखंच व्होल्टेज. 12 चे दोन समान भाग होतात: ओपन सर्किट व्होल्टेज 6 व्होल्ट.

आता टोकं शॉर्ट. 3 किलोओहमच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज सारखं झालं, त्याच्यातला करंट थांबला, आणि त्यावर विसंबलेला स्रोतही शून्यावर आला. उरलं फक्त 12 व्होल्ट आणि 6 किलोओहम. शॉर्ट सर्किट करंट 2 मिलिअँपिअर.

Rth = Voc / Isc = 6 V / 2 mA = 3 kΩ

नेमकी चूक इथे होते. 'सगळे स्रोत बंद करा आणि रोध मोजा' ही पाठ झालेली रीत वापरताना अवलंबी स्रोतही बंद केला जातो. मग 6 आणि 3 किलोओहम समांतर धरून उत्तर येतं 2 किलोओहम. ते चुकीचं आहे. बंद करायचे ते फक्त स्वतंत्र स्रोत. चूक पकडायलाही हीच भागाकाराची जोडी उपयोगी पडते: 6 व्होल्टला 2 किलोओहमने भागलं तर शॉर्ट करंट 3 मिलिअँपिअर यायला हवा, आणि मंडल तर 2 च देतं.

[दृश्य: टोकांना 3 किलोओहमचा लोड जोडतात]

पडताळा घेऊ. सममूल्य मंडलाप्रमाणे लोडवर 3 व्होल्ट आणि त्यातून 1 मिलिअँपिअर. मूळ मंडलात पाहिलं तर 6 किलोओहममधून 1.5 येतात, अवलंबी स्रोत 0.5 देतो, आतल्या रेझिस्टरमधून 1 जातो आणि लोडला 1 मिळतो. जमाखर्च बरोबर जुळतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. ही समानता टोकांच्या बाहेरची आहे. टोकं मोकळी असतानाही मूळ पेटीतले रेझिस्टर तापत असतात. सममूल्य मंडलात तेव्हा करंटच नसतो. आत किती उष्णता होते, हे त्यावरून काढता येत नाही.

[दृश्य: कामाचं टेबल, मल्टिमीटर]

कागदावर शॉर्ट करायला धोका नसतो. खऱ्या बॅटरीची टोकं मात्र कधीही तारेने जोडू नयेत; मोठ्या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहून तार वितळू शकते. तिथे रेषेवरचा दुसरा, सौम्य बिंदू निवडायचा. आपल्या पेटीला 1 किलोओहम जोडला की मीटर 1.5 व्होल्ट दाखवतो, म्हणजे करंट 1.5 मिलिअँपिअर. 6 पैकी 4.5 व्होल्ट आतच पडले. 4.5 ला 1.5 ने भागलं की पुन्हा 3 किलोओहम. मग वेगळ्या किमतीचा आणखी एक लोड लावून पाहावा. तो बिंदू या रेषेवर बसला नाही, तर आत डायोडसारखं काहीतरी रेषीय नसलेलं आहे, आणि मग एका रेझिस्टरने त्या पेटीचं काम भागणार नाही.