ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे

(दृश्य: नागपूर, मे महिन्यातली दुपार. रस्त्याकडेचं गॅरेज, बॉनेट उघडलेली गाडी.)

बाहेर पारा ४५ अंशांवर गेलाय. मिस्त्री नुकत्याच चालून आलेल्या पेट्रोल गाडीची डिपस्टिक ओढतो, ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात चोळतो आणि निकाल देऊन टाकतो, "पार पाणी झालंय, साहेब. एवढ्या उन्हात जाड ऑइल पाहिजे. वीस-पन्नास टाकून देऊ."

गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० लिहिलंय. मालक एकदा पुस्तिकेकडे बघतो, एकदा मिस्त्रीकडे.

मिस्त्रीच्या बोटांना जे जाणवलं ते खोटं नाही. पण नुकतंच बंद केलेल्या इंजिनातलं कुठलंही ऑइल हाताला पातळच लागतं, अगदी काल भरलेलं असलं तरी. थंडीत काकवी बरणीतून उतरता उतरत नाही आणि कढईत तापली की सळसळते, तसंच हे. ऑइल बिघडलंय की नाही, हे त्या थेंबावरून कळत नाही.

(दृश्य: काचेच्या दोन नळ्या, एकीत थंड ऑइल, दुसरीत तापवलेलं. दोन्हींत एकाच वेळी गोळी सोडली जाते.)

आता आकडे बघू. घट्टपणा मोजायचं एकक आहे सेंटिस्टोक. खोलीतलं साधं पाणी साधारण १ सेंटिस्टोक धरा. ५डब्ल्यू-३० चं एक नेहमीच्या जातीचं ऑइल १०० अंशांना साधारण ११ सेंटिस्टोक भरतं. तेच ऑइल ४० अंशांना ६५ च्या आसपास असतं. नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटे, १० अंशांना, २९० च्या घरात जातं. म्हणजे एकाच डब्यातलं ऑइल पहाटे गाडी सुरू करताना जितकं घट्ट असतं, त्याच्या पंचवीस भागांतला एखादा भागच गरम इंजिनात उरतो.

बरेच जण समजतात की ५डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत पातळ आणि गरम झालं की जाड. असं कधीच होत नाही. तापलेलं ऑइल नेहमी थंड ऑइलपेक्षा पातळच असतं. मल्टिग्रेड ऑइल पातळ होणं थांबवत नाही, फक्त ते जरा बेतानं होऊ देतं.

हे जमतं कसं? कारखान्यात आधी बऱ्यापैकी पातळ मूळ तेल घेतात, म्हणजे थंडीत ते वाहतं राहील. मग त्यात पॉलिमर मिसळतात. थंडीत या पॉलिमरच्या लांब साखळ्या गुंडाळून बसतात आणि वाहण्यात फारशी आडकाठी करत नाहीत. ऑइल तापलं की त्या पसरतात आणि वाहण्याला अडवतात. मूळ तेल जेवढं पातळ झालं असतं, तेवढं त्यामुळे होत नाही.

या साखळ्यांचं एक दुखणं आहे. बेअरिंगच्या चिंचोळ्या फटीत त्या प्रवाहाच्या दिशेनं ताणून सरळ होतात, आणि तेवढा वेळ ऑइल पातळ पडतं. काही तर तुटूनच जातात. मग ऑइल जुनं होत जातं तसं आपल्या ग्रेडच्या खाली घसरू शकतं. म्हणूनच ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकात १५० अंशांना, वेगानं घुसळत घेतलेली वेगळी चाचणी आहे. १०० अंशांना शांतपणे मोजून भागत नाही.

(दृश्य: डब्याचं लेबल जवळून. कॅमेरा आधी डावा आकडा दाखवतो, मग उजवा.)

डब्यावरचे दोन आकडे हे दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत, एकाच मोजपट्टीवरचे नाहीत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डावीकडचा ५डब्ल्यू सांगतो की उणे ३० अंशांना स्टार्टर इंजिन फिरवू शकेल इतपतच हे ऑइल घट्ट आहे, आणि उणे ३५ ला ते पंपाकडे ओढलं जाऊ शकतं. २०डब्ल्यूची पहिली परीक्षा उणे १५ अंशांना होते. महाराष्ट्रात असली थंडी पडत नाही, त्यामुळे ही परीक्षा आपल्या गाडीला कधी द्यावीच लागत नाही. हिवाळ्यात द्रासला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

उजवीकडचा आकडा गरम इंजिनाचा. ३० म्हणजे १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये. ४० म्हणजे १२.५ ते १६.३. ५० म्हणजे १६.३ ते २१.९. शिवाय ती १५० अंशांची परीक्षा पास व्हायला हवी.

आता मिस्त्रीचं वीस-पन्नास त्या गाडीत ओतून बघू, कागदावर. नेहमीचं २०डब्ल्यू-५० १०० अंशांना साधारण १८ सेंटिस्टोक, १० अंशांना अकराशेच्या आसपास. मे महिन्यात पहाटे ३० अंश असताना सुद्धा ते जवळपास २९० असतं. म्हणजे भर उन्हाळ्यातल्या पहाटे हे ऑइल तेवढंच घट्ट असतं, जेवढं पुस्तिकेतलं ऑइल डिसेंबरच्या गारठ्यात असतं. डिसेंबरात तर ते त्याच्या जवळजवळ चौपट. तेव्हा पंपावरचा दाब वाढतो, फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि काही काळ ऑइल न गाळताच फिरतं. टॅपेटची खडखड लवकर थांबत नाही. हायड्रॉलिक टॅपेट आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, तीही उशिरा जागी होते.

आणि दुपारच्या उन्हाचं काय? मिस्त्रीचा खरा मुद्दा तोच होता. हिशेब केला तर २०डब्ल्यू-५० ला ११ सेंटिस्टोकपर्यंत यायला १२० अंशांच्या थोडं वर जावं लागतं. म्हणजे पुस्तिकेतल्या ऑइलपेक्षा २० अंश जास्त तापलं, तर कुठे ते तितकंच पातळ होतं. बाहेर ४५ अंश असले तरी पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट कूलंट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, आणि रोजच्या चालवण्यात ऑइल साधारण ९० ते ११० मध्ये राहतं. हिवाळा-उन्हाळ्यानं त्यात पडणारा फरक थोडाच. हवेनं थंड होणाऱ्या बाइकला हे लागू नाही. तिथे उन्हाचा चटका थेट इंजिनाला बसतो, आणि त्यांच्या पुस्तिकेत मुळातच जाड ग्रेड असतात.

भरलेली गाडी घेऊन घाट चढताना ऑइल १२० च्याही पुढे जाऊ शकतं. पण ३० ग्रेडची १५० अंशांची परीक्षा त्याच दिवसासाठी असते.

(दृश्य: डॅशबोर्ड. सिग्नलवर उभ्या गाडीत ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो.)

हा दिवा गरम इंजिन आयडलवर असताना लागला, तर गाडी बंद करून आधी ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर असेल तर दाब गेजनं मोजून घ्या, कारण घासलेलं बेअरिंग, अडकलेला व्हॉल्व्ह आणि बिघडलेला सेन्सर हे तिघेही तोच दिवा लावतात. जाड ऑइलनं दिवा विझतो, बेअरिंग दुरुस्त होत नाही. बरंच धावलेल्या इंजिनाला खरोखरच जरा दाट ऑइल हवं असेल आणि पुस्तिकेत तशी मुभा असेल, तर ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० घ्या. गरम इंजिनात ते एक पायरी जाड राहतं आणि थंडीत इंजिन फिरवायची अट पाच डब्ल्यूचीच राहते.