एका चेकचा प्रवास : रोख पुस्तकापासून पासबुकापर्यंत

(दृश्य : साताऱ्यातलं एक घाऊक किराणा दुकान. गल्ल्याशेजारी टेबल, त्यावर उघडं रोख पुस्तक आणि नुकतंच छापून आणलेलं पासबुक.)

तारीख 31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. दिवाळीची गर्दी ओसरली आहे आणि दुकानाचे हिशेब लिहिणारी मुलगी महिनाअखेरची बँक जुळवणी करायला, म्हणजे रोख पुस्तक आणि पासबुक यांच्या शिल्लकेतला फरक शोधायला, बसली आहे. हे दुकान आणि त्याचे आकडे आपण समजण्यासाठी घेतलेले आहेत. रोख पुस्तकाच्या बँक रकान्यात शिल्लक आहे 64,300 रुपये. पासबुक सांगतं, 82,264. खातं एकच आहे, तारीखही एकच. मग हे जवळपास अठरा हजार कुठून आले?

मालकांनी मोबाइलवर मोठा आकडा पाहिला आहे. त्यांना वाटतंय, आज 80,000 चा चेक बिनधास्त फाडता येईल. तो चेक परत येण्याची भीती आहे. का, ते आता पाहू.

(दृश्य : दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी. पेन्सिलीने बारीक टिक.)

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. रोख पुस्तक दुकान लिहितं, पासबुक बँक लिहिते. दुकानासाठी बँकेतले पैसे हे येणं आहे, म्हणून शिल्लक नावे बाजूला. बँकेसाठी तेच पैसे दुकानदाराचं देणं, म्हणून पासबुकात शिल्लक जमा बाजूला. त्यामुळे टिक मारताना रोख पुस्तकाची नावे बाजू पासबुकाच्या जमा बाजूशी लावायची आणि जमा बाजू नावे बाजूशी.

तिने टिक मारायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर अडली. पासबुकात 3 ऑक्टोबरला 9,800 रुपये नावे पडले आहेत, पण ऑक्टोबरच्या रोख पुस्तकात असा चेकच नाही. बँकेची चूक? नाही. तिने सप्टेंबरचं जुळवणी पत्रक काढलं. ‘दिलेले पण न वटलेले चेक’ या ओळीत 9,800 लिहिलेले होते. म्हणजे चेक सप्टेंबरमध्ये लिहिला आणि ऑक्टोबरमध्ये वटला. दोन्ही पुस्तकांत तो आता आला, हिशेब मिटला. विद्यार्थी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळतात, म्हणून सांगते : चालू महिन्याला हात घालण्याआधी मागच्या महिन्याचं पत्रक समोर ठेवा.

(दृश्य : चेकबुकाची स्थळप्रत, त्यावर तारीख आणि रक्कम.)

टिक मारून झाल्यावर दोन्ही पुस्तकांत मिळून पाच नोंदी उघड्या राहिल्या. त्यातल्या दोन चेकबुकाच्या स्थळप्रतींवर दिसतात. 28 तारखेला कराडच्या गुळाच्या व्यापाऱ्याला 18,500 चा चेक दिला, 29 तारखेला ट्रान्सपोर्टवाल्याला 4,200 चा. चेक हातात दिला त्याच दिवशी तिने रोख पुस्तकात रक्कम कमी केली, आणि ते बरोबरच आहे. पण कराडचे व्यापारी चार चेक साठले की एकदम बँकेत जातात. ट्रान्सपोर्टवाल्याचा चेक तर अजून ड्रायव्हरच्या खिशात आहे. बँकेला या 22,700 रुपयांची खबरच नाही, म्हणून पासबुक तेवढं फुगलेलं दिसतं.

तिसरी नोंद उलट्या बाजूची. 31 तारखेला संध्याकाळी साडेसहाला एका गिऱ्हाइकाचा 12,000 चा चेक बँकेच्या पेटीत टाकला. रोख पुस्तकात त्याच दिवशी बँकेची शिल्लक तेवढी वाढवली. पण पेटी उघडणार 1 नोव्हेंबरच्या सकाळी.

इथे थोडं थांबू, कारण या फरकाचं रूप अलीकडेच बदललं आहे. पूर्वी चेक गठ्ठ्याने क्लिअरिंगला जात आणि पैसे जमा व्हायला साधारण पुढचा कामाचा दिवस उजाडे. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने सलग क्लिअरिंग सुरू केलं. दिवसा भरलेल्या चेकची प्रतिमा लगेच पुढच्या बँकेकडे जाते आणि निकाल त्याच दिवशी लागतो. त्यामुळे ‘भरलेले पण जमा न झालेले चेक’ ही ओळ आता बहुतेक वेळा लहान होईल. संध्याकाळी पेटीत टाकलेला किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री भरलेला चेक मात्र राहीलच. आणि ‘दिलेले पण न वटलेले’ ही ओळ यंत्रणा कितीही वेगवान झाली तरी हटणार नाही. तो उशीर बँकेचा नसतो, चेक खिशात ठेवणाऱ्याचा असतो.

उरलेल्या दोन नोंदी फक्त पासबुकात आहेत. कोरेगावच्या गिऱ्हाइकाने 30 तारखेला परस्पर खात्यावर भरलेले 7,500, आणि बँकेने कापलेले 236 रुपये. हे 236 म्हणजे 200 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 36.

आता या पाचांकडे नीट पाहा. पहिल्या तिघांना फक्त वेळ हवा आहे. शेवटच्या दोघांना नोंद हवी आहे. कितीही दिवस थांबलात तरी 236 रुपये आपोआप रोख पुस्तकात येणार नाहीत. म्हणून ती आधी रोख पुस्तक दुरुस्त करते.

(पडद्यावर)
रोख पुस्तकाप्रमाणे शिल्लक : 64,300
अधिक, गिऱ्हाइकाने परस्पर भरलेले : 7,500
वजा, बँक शुल्क : 236
सुधारित शिल्लक : 71,564

पत्रक सुरू होतं या 71,564 पासून.

(पडद्यावर)
31 ऑक्टोबर 2025 चे बँक जुळवणी पत्रक
सुधारित रोख पुस्तकाप्रमाणे शिल्लक : 71,564
अधिक, दिलेले पण न वटलेले चेक : 22,700
वजा, भरलेला पण जमा न झालेला चेक : 12,000
पासबुकाप्रमाणे शिल्लक : 82,264

परीक्षेत रोख पुस्तक सुधारायला सांगितलं नसेल तर 64,300 पासून निघून पाचही नोंदी पत्रकातच घ्या. उत्तर तेच येईल. अधिक की वजा, हे पाठ करू नका. एकच प्रश्न विचारा : या नोंदीमुळे पासबुक रोख पुस्तकापेक्षा जास्त दिसतंय की कमी? जास्त, तर अधिक. कमी, तर वजा.

तिचा पहिला प्रयत्न मात्र चुकला होता. उत्तर आलं 1,06,264, म्हणजे 24,000 जास्त. तिने 24,000 चं निम्मं केलं : 12,000. ही रक्कम तिच्या यादीत होती. वजा करायचा चेक तिने अधिक केला होता. चिन्ह चुकलं की फरक रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून उरलेल्या फरकाचं निम्मं आधी यादीत शोधा.

(दृश्य : मालक मोबाइल बाजूला ठेवून पत्रक वाचत आहेत.)

आता मालकांचा प्रश्न. 82,264 मधून न वटलेले 22,700 वजा केले की हाती उरतात 59,564. गिऱ्हाइकाचा 12,000 चा चेक वटला तर 71,564. दोन्ही बाबतींत 80,000 चा चेक आज फाडता येत नाही.

एक नोंद पुढेही लक्षात ठेवायची आहे, ट्रान्सपोर्टवाल्याचे 4,200. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पत्रकातही हा चेक तसाच दिसला, तर तिने त्याला फोन करायला हवा. जानेवारीअखेर तो शिळा होईल आणि बँक तो घेणार नाही. मग ती रक्कम जुळवणी पत्रकात ठेवता येत नाही. रोख पुस्तकात उलट नोंद पडते, बँक खाते नावे आणि ट्रान्सपोर्टवाल्याचे खाते जमा. त्याचं देणं पुन्हा उभं राहतं, आणि नव्या तारखेचा चेक लिहावा लागतो.